परिवर्तन योग कसा वाचायचा: १९९७च्या गुरू-शनीवरून टप्प्याटप्प्याने

१९९७ साली जन्मलेल्या कुणाचीही निरयन कुंडली उघडा. महिना कोणताही असो, गुरू मकरेत आणि शनी मीनेत दिसेल. मकरेचा स्वामी शनी आणि मीनेचा स्वामी गुरू, म्हणजे दोघेही एकमेकांच्या राशीत बसले आहेत. यालाच परिवर्तन योग किंवा अन्योन्य योग म्हणतात.

नवशिक्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. एक जण सांगतो हा राजयोग आहे, दुसरा सांगतो हा दैन्ययोग आहे, आणि तिसरा म्हणतो गुरू नीच असल्यामुळे या योगाला काही अर्थच नाही. तिघांचंही बोलणं कोणत्या ना कोणत्या लग्नाला लागू पडतं. कोणतं कुणाला, ते ठरवायची एक रीत आहे. ती या एकाच अदलाबदलीवर शिकून घेतली की पुढे कोणत्याही दोन ग्रहांना लावता येते.

सोबत काय हवं

- जन्मतारीख, जन्मठिकाण आणि शक्य तितकी नेमकी जन्मवेळ. ती जन्मनोंदीतली आहे की घरच्यांच्या आठवणीतली, हेही लिहून ठेवा.
- चित्रापक्षीय (लाहिरी) अयनांशाची निरयन कुंडली. लग्नाचे आणि सर्व ग्रहांचे अंश-कला सोबत असू द्या.
- नवमांश कुंडली.
- विंशोत्तरी महादशा आणि अंतर्दशांचा तारखांसह तक्ता.

राशींचे स्वामी पाठ नसतील तर तेही कागदाच्या कोपऱ्यात लिहा: मेष-वृश्चिक मंगळ, वृषभ-तूळ शुक्र, मिथुन-कन्या बुध, कर्क चंद्र, सिंह रवी, धनु-मीन गुरू, मकर-कुंभ शनी. राहू-केतूंना परंपरेनं राशीचं स्वामित्व नाही, म्हणून ते परिवर्तनात धरत नाहीत.

## १. परिवर्तन खरोखर आहे का, ते तपासा

प्रत्येक ग्रह कोणत्या राशीत आहे आणि त्या राशीचा स्वामी कुठे आहे, एवढंच पाहायचं. गुरू मकरेत आहे. मकरेचा स्वामी शनी कुठे? मीनेत. मीनेचा स्वामी कोण? गुरू. दोन पावलांत तुम्ही निघालात तिथेच परत आलात, तर परिवर्तन झालं.

एरवी ही साखळी लांबत जाते. सप्तमेश दशमात, दशमेश पंचमात, पंचमेश आणखी कुठेतरी. सप्तमाचं फळ दशमेशावर अवलंबून राहतं, पण दशमाला सप्तमाची गरज नसते. परिवर्तनात साखळी दोघांतच बंद होते, त्यामुळे दोन्ही घरं एकमेकांवाचून फळ देऊ शकत नाहीत. हा योग जीवनाची दोन क्षेत्रं जोडतो असं म्हणतात ते यामुळे. एकाच दिशेनं गेलेल्या ग्रहाला परिवर्तन समजू नका. तो साधा राशिसंबंध असतो.

चुका बहुतेक कुंडली मांडण्यात होतात. पाश्चात्य पद्धतीच्या सायन कुंडलीत १९९७चा बराचसा काळ गुरू कुंभेत आणि शनी मेषेत दिसतो, आणि तिथे हे परिवर्तन नाही. अॅपमध्ये निरयन आणि लाहिरी निवडलंय ना, ते आधी पाहा. ग्रह राशीच्या पहिल्या किंवा शेवटच्या दीड अंशात असेल तर दुसरा अयनांश घेताच त्याची राशी बदलू शकते, कारण लाहिरी आणि रामन अयनांशांत सुमारे दीड अंशाचा फरक आहे. अशा कुंडलीत परिवर्तन ठामपणे सांगू नये.

हातानं मांडलेल्या जुन्या पत्रिकांसाठी एक चाचणी फार कामाची आहे. बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे जात नाही आणि शुक्र सुमारे ४८ अंशांपलीकडे जात नाही. म्हणून रवी मिथुनेत व बुध सिंहेत, किंवा रवी वृषभेत व शुक्र सिंहेत असणं आकाशात शक्यच नाही. बुध-शुक्रांचंही असंच आहे. वृषभ-मिथुन आणि कन्या-तूळ या शेजारच्या राशींतली त्यांची अदलाबदल घडते, पण वृषभेत बुध आणि कन्येत शुक्र, किंवा तुळेत बुध आणि मिथुनेत शुक्र, हे कधीच घडत नाही. पत्रिकेत असं काही दिसलं तर फळ वाचायच्या फंदात न पडता गणित पुन्हा करा.

## २. कोणती दोन घरं जोडली गेली, ते लग्नावरून ठरवा

गुरू-शनी हे मंद ग्रह असल्यामुळे वर्षभर जन्मलेल्या सगळ्यांना हा योग मिळाला. ‘माझ्या पत्रिकेत गुरू-शनी परिवर्तन आहे’ या वाक्यातून त्या व्यक्तीबद्दल म्हणूनच फारसं काही कळत नाही. लग्न कळलं की मकर आणि मीन ही कितवी घरं होतात ते ठरतं, आणि योग त्या माणसाचा होतो.

| लग्न | मकर | मीन | प्रकार |
|---|---|---|---|
| मेष | १० | १२ | दैन्य |
| वृषभ | ९ | ११ | महा |
| मिथुन | ८ | १० | दैन्य |
| कर्क | ७ | ९ | महा |
| सिंह | ६ | ८ | दैन्य |
| कन्या | ५ | ७ | महा |
| तूळ | ४ | ६ | दैन्य |
| वृश्चिक | ३ | ५ | खल |
| धनु | २ | ४ | महा |
| मकर | १ | ३ | खल |
| कुंभ | १२ | २ | दैन्य |
| मीन | ११ | १ | महा |

घरं जोडायची ती ग्रह बसलेली दोनच. गुरूचं धनु आणि शनीचं कुंभ हीसुद्धा त्यांचीच घरं आहेत, पण परिवर्तन तिथे झालेलं नाही. नवखे वाचक चारही घरं एकत्र कालवतात आणि मग काहीही सिद्ध करता येतं. ती उरलेली दोन घरं पाचव्या टप्प्यावर येतील, वेगळ्या कामासाठी.

लग्न राशीच्या टोकाला असेल तर इथेच थांबा. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश पुढे सरकतं. कर्क लग्न २९ अंशांवर असेल आणि जन्मवेळ पाच मिनिटांनी पुढे निघाली, तर लग्न सिंह होतं आणि सात-नऊचा महायोग सहा-आठचा दैन्ययोग होऊन बसतो. असं असेल तर दोन्ही लग्नं मांडा आणि आयुष्यात घडून गेलेल्या ठळक घटना दशांशी ताडून पाहा.

## ३. महा, खल, दैन्य: नावाला किती किंमत द्यायची

हे वर्गीकरण मंत्रेश्वरांच्या फलदीपिकेतलं आहे. बारा घरांच्या ६६ जोड्या होतात. त्यांपैकी ज्यांत ६, ८ किंवा १२वं घर येतं त्या ३० जोड्या दैन्य. उरलेल्यांपैकी ज्यांत तिसरं घर येतं त्या ८ खल. बाकीच्या २८ महा. दैन्यात शत्रुपीडा आणि अडथळे सांगितले आहेत, खलात कधी भरभराट तर कधी ओढाताण, महायोगात लक्ष्मी आणि मान.

हे नाव पहिली चाळणी म्हणून वापरा, निकाल म्हणून वापरू नका. तूळ लग्नाचं पाहा. मकर चौथं, मीन सहावं, म्हणून योग दैन्य. पण तूळ लग्नाला शनी चौथ्या आणि पाचव्या घराचा स्वामी, म्हणजे योगकारक. तो सहाव्यात गेला आणि षष्ठेश गुरू चौथ्यात आला. घर, जमीन, आई हे विषय कर्ज, वाद, आजारपण आणि नोकरी यांना जोडले गेले. याची वाचनं अनेक होतात: कर्ज काढून घेतलेलं घर, वडिलोपार्जित जागेवरून लांबलेला तंटा, आईच्या प्रकृतीची काळजी, किंवा घरांशी आणि जमिनीशी संबंधित नोकरीत कष्टानं बसवलेलं बस्तान. ताण चारही ठिकाणी आहे, सर्वनाश एकाही ठिकाणी नाही. शनीसारखा पापग्रह सहाव्यात असणं शत्रू आणि स्पर्धा यांच्या दृष्टीनं चांगलंच मानतात.

उलट बाजूनं, ‘महा’ हा शब्द दिसला म्हणून दोन्ही ग्रहांची तपासणी सोडून देणं ही त्याहून मोठी चूक आहे.

## ४. दोन्ही ग्रहांची ताकद वेगवेगळी मोजा

परिवर्तनातला प्रत्येक ग्रह दुसऱ्याचा यजमानही असतो आणि पाहुणाही. यजमान दुबळा असेल तर पाहुण्याची आबाळ होते. म्हणून दोघांचं बळ वेगळं पाहावं लागतं.

आपल्या उदाहरणात गुरू मकरेत नीच आहे, ५ अंशांवर परमनीच. परिवर्तनामुळे नीचत्व पूर्ण नाहीसं होतं असं अनेक जण सरसकट सांगतात. मला ते पटत नाही. परिवर्तनानं गुरूला त्याच्या राशिस्वामीचा आधार मिळतो हे खरं, पण नीचभंगाचे नियम स्वतंत्र आहेत आणि ते स्वतंत्रपणेच तपासावेत. त्यांतले दोन इथे पुरतील. पहिला, नीच राशीचा स्वामी, म्हणजे इथे शनी, लग्नापासून किंवा चंद्रापासून केंद्रात असावा. दुसरा, गुरूच्या उच्च राशीचा, म्हणजे कर्केचा, स्वामी चंद्र लग्नापासून केंद्रात असावा.

त्यानंतर नवमांश. गुरू मकरेच्या पहिल्या ३ अंश २० कलांत असेल तर नवमांशातही मकरेतच, म्हणजे पुन्हा नीच. ६ अंश ४० कला ते १० अंशांत तो नवमांशी स्वतःच्या मीनेत येतो आणि २० अंश ते २३ अंश २० कलांत कर्केत, म्हणजे उच्च. मीनेतला शनी १० अंश ते १३ अंश २० कलांत नवमांशी तुळेत उच्च होतो, आणि २० ते २६ अंश ४० कलांत मकर किंवा कुंभ या स्वराशींत असतो. एकाच वर्षी जन्मलेल्या दोघांच्या योगात एवढा फरक पडतो.

अस्तंगतपणाही पाहा. जानेवारी १९९७च्या दुसऱ्या पंधरवड्यात रवी गुरूला लागून होता आणि मार्चअखेरीस शनीला. त्या दिवसांत जन्म असेल तर जोडीतला एक ग्रह निस्तेज आहे, आणि त्याचा यजमानपणाही कमी पडतो. शिवाय १९९७च्या पहिल्या काही महिन्यांत केतू मीनेत शनीसोबत होता. परिवर्तनातल्या ग्रहाबरोबर तिसरा ग्रह असेल तर व्यवहार दोघांचा राहत नाही, तिसऱ्याचाही रंग त्यात मिसळतो.

आणखी एक गोष्ट. परिवर्तन झालं म्हणून ग्रहांना मनानं उचलून स्वराशीत ठेवू नका. गुरू मकरेतूनच पाहतो, त्याची दृष्टी वृषभ, कर्क आणि कन्येवर पडते. शनी मीनेतूनच पाहतो, त्याची दृष्टी वृषभ, कन्या आणि धनूवर. एकदा खऱ्या जागेवरून आणि एकदा कल्पित जागेवरून अशा दोन्ही दृष्टी मोजल्या की अख्खी कुंडली गुरू-शनीनं भरून जाते.

## ५. एक कुंडली पूर्ण वाचू: कर्क लग्न

पश्चिम भारतातला २८ ऑगस्ट १९९७चा, पहाटे साडेचारच्या सुमाराचा जन्म घेऊ. लग्न कर्क, चंद्र मिथुनेत आर्द्रा नक्षत्रात. गुरू मकरेत सुमारे २१ अंशांवर, शनी मीनेत सुमारे २६ अंशांवर, दोन्ही वक्री. केतू तोवर कुंभेत गेलेला, म्हणून शनी एकटा.

घरं: सप्तमेश शनी नवमात, भाग्येश गुरू सप्तमात. जोडीदार आणि भागीदारी एका बाजूला, तर भाग्य, वडील, गुरुजन, उच्च शिक्षण, धर्म आणि दूरचा प्रवास दुसऱ्या बाजूला. प्रकार महा.

ताकद: गुरू नीच आहे, पण शनी चंद्रापासून दहाव्यात, म्हणजे केंद्रात येतो. नीचभंगाचा पहिला नियम लागू झाला. चंद्र लग्नापासून बाराव्यात असल्यामुळे दुसरा लागू होत नाही. नवमांशात गुरू कर्केत उच्च आणि शनी कुंभेत स्वराशीचा. जन्मकुंडलीत गुरू कमजोर दिसला तरी दोन्ही यजमान आतून भक्कम आहेत.

दृष्टी: गुरूची सातवी दृष्टी थेट लग्नावर आहे. गुरू आणि शनी दोघांचीही दृष्टी अकराव्या आणि तिसऱ्या घरावर आहे, म्हणून सात-नऊच्या या नात्यातून लाभ येतो तो स्वतःच्या खटपटीतून.

उरलेली घरं: आता ती दोन बाजूला ठेवलेली घरं घ्या. गुरूचं दुसरं घर धनु, म्हणजे सहावं. शनीचं दुसरं घर कुंभ, म्हणजे आठवं. योग महा असला तरी दोन्ही ग्रह एकेका त्रिक स्थानाचं ओझं घेऊन आले आहेत. म्हणून वाचन असं करावं: भाग्य जोडीदारामुळे किंवा भागीदारामुळे उघडतं, जोडीदार दूरच्या प्रदेशातला, वेगळ्या परंपरेतला किंवा शिक्षणाच्या वाटेवर भेटलेला असू शकतो, पण गुरू सप्तमात मतभेद किंवा देणीघेणी आणतो आणि शनी नवमात उशीर व वडिलांबाबत एखादं आकस्मिक वळण आणतो. ‘विवाहानंतर भाग्योदय’ एवढं सांगून सोडून दिलं तर यातला अर्धा भाग हातातून जातो.

नातं दोन्ही बाजूंनी चालतं हे वाक्यात उतरलं पाहिजे. विवाहानं भाग्य बदलतं, तसंच भाग्याची घडी बसेपर्यंत, म्हणजे शिक्षण, वडिलांचा निर्णय, परगावचं बस्तान हे मार्गी लागेपर्यंत, विवाहही अडून राहतो. एकाच दिशेनं वाक्य लिहिलं असेल तर त्याच्यापुढे उलट दिशेचं वाक्य लिहा आणि दोन्ही पत्रिकेला धरून आहेत का ते तपासा.

## ६. कधी, ते दशेवरून

योग कुंडलीत असतो, फळ दशेत येतं. परिवर्तनासाठी सर्वांत महत्त्वाचे दोन काळ म्हणजे एकाच्या महादशेत दुसऱ्याची अंतर्दशा. गुरूची महादशा १६ वर्षांची, शनीची १९ वर्षांची. म्हणून गुरूत शनी आणि शनीत गुरू या दोन्ही अंतर्दशा सारख्याच, २ वर्षं ६ महिने १२ दिवसांच्या असतात.

आर्द्रेचा स्वामी राहू, त्यामुळे आपल्या उदाहरणात जन्माला राहू महादशा. सोपं जावं म्हणून तिची सहा वर्षं उरली आहेत असं धरू, प्रत्यक्षात चंद्राच्या अंशांवरून काढा. मग वयाच्या ६व्या वर्षी गुरू महादशा लागते. त्यात आधी गुरूचीच अंतर्दशा २ वर्षं १ महिना १८ दिवसांची, आणि तिच्यानंतर शनीची: साधारण सव्वाआठ ते पावणेअकरा या वयात. या वयात विवाह शक्य नाही, म्हणून तेव्हा योगाची फक्त नवमाची बाजू बोलते: वडिलांची बदली, शाळा बदलणं, घरातल्या वडीलधाऱ्यांचं काही. २२व्या वर्षी शनी महादशा सुरू होते आणि ४१पर्यंत चालते. तिच्यातली शेवटची अंतर्दशा गुरूची, साधारण साडेअडतीस ते ४१. सप्तमाची बाजू प्रौढपणी पूर्ण जागी होते ती तेव्हा.

मग मधली वर्षं कोरडी जातात का? तसं नाही. शनी महादशेत जोडीतला एक भिडू सतत चालू असतो, त्यामुळे विवाहासारख्या घटना इतर अंतर्दशांतही घडतात. तिथे सप्तमाशी किंवा नवमाशी संबंध असलेला अंतर्दशास्वामी शोधा.

अशा वेळी गोचर कामाला येतं. २९ मार्च २०२५ला शनी पुन्हा मीनेत आला, म्हणजे १९९७च्या सगळ्या पत्रिकांत स्वतःच्या जन्मस्थानी परतला. जून २०२६मध्ये गुरू कर्केत जातो आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत तिथे असतो. कर्केतल्या गुरूची सातवी दृष्टी मकरेवर आणि नववी मीनेवर, म्हणजे परिवर्तनाच्या दोन्ही राशींवर एकदम पडते. कर्क लग्नाला ही गोष्ट लग्नातून घडते. पण गोचर सर्वांना सारखंच असतं. ज्यांच्या दशेत गुरू किंवा शनी चालू नाही आणि दशास्वामीचा या दोन घरांशी संबंधही नाही, त्यांच्यासाठी या महिन्यांवरून विवाहाची किंवा भाग्योदयाची तारीख सांगू नका.